जॉइनिंग कधी? ‘घटस्थापनेला!’

‘सेल्समन, सेल्सगर्ल पाहिजेत. सीझनसाठी. पगार योग्य. त्वरित भेटा.’

झालं! संपली जाहिरात. दुकानाच्या काचेवर सेलोटेपनं चिकटवलेला हा कागद तुम्ही लहानपणापासून पाहिलाय. लक्ष्मी रोडवर पाहिलाय, दादरला पाहिलाय आणि गावाकडच्या मेन रोडवर तर दर दिवाळीला पाहिलाय. आता तोच कागद फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर फिरतो. कागद बदलला नाही, फक्त काच बदलली.

आता एक सीन डोळ्यांसमोर आणा. तुम्ही पुण्यात हिंजवडीला एच.आर.मध्ये. रोज ऑफर लेटर काढता, सीटीसीचे ब्रेकअप करता, नोटीस पीरियडवरून लोकांशी हुज्जत घालता. घर तुळजापूरला आणि घरचं कापडाचं दुकान. सप्टेंबरमध्ये अण्णांचा फोन येतो.

‘लेका, चार माणसं लागतेत सीझनला. एक जाहिरात टाइप करून दे की.’

‘देतो ना, अण्णा. जॉइनिंग कधी लिहू?’

‘लिही की, घटस्थापनेपासून.’

‘आणि कधीपर्यंत?’

‘दिवाळीपर्यंत.’

‘पगार?’

‘पगार योग्य लिही. आले की बोलू.’

अण्णांचं काही चुकलं असं त्यांना वाटत नाही, कारण त्यांनी अशीच माणसं वर्षानुवर्षं ठेवली. पेपरातल्या छोट्या जाहिरातीला शब्दांवर पैसे पडायचे, म्हणून सगळेच काटकसर करायचे. ती सवय राहिली. आज कागदावर आणि फोनवर शब्द फुकट आहेत, तरी जाहिरात चार शब्दांचीच. आणि दिवाळी झाल्यावर गल्ल्यापाशी जी भांडणं होतात, ती बहुतेक वेळा त्या न लिहिलेल्या शब्दांवरूनच होतात. तेव्हा बॉस, या वेळी अण्णांची जाहिरात आपण नीट बसवू. फक्त तीन गोष्टी : तारीख, पगाराचा हिशेब आणि तास.

कॅलेंडर आणि पंचांग

‘घटस्थापनेपासून’ ही तारीख नाही, तिथी आहे. आणि तिथी दर वर्षी जागा बदलते. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. २०२६ हे अधिक महिन्याचं वर्ष, त्यामुळे घटस्थापना थेट ११ ऑक्टोबरला. म्हणजे ‘गेल्या वर्षीसारखं या’ असं सांगितलं, तर एखादी मुलगी तब्बल एकोणीस दिवस आधी दारात उभी राहील!

तुळजापुरात तर सीझनचा हिशेबच वेगळा. बाकी महाराष्ट्रात नवरात्र नऊ दिवसांचं, दसरा झाला की संपलं. इथे देवी नवरात्राच्या आधीच मंचकी निद्रेला जाते, घटस्थापनेला सिंहासनावर येते, दसऱ्याला सीमोल्लंघन होतं आणि मग पौर्णिमेपर्यंत पुन्हा निद्रा. दसऱ्यानंतर बाजार ओसरेल असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण सोलापूरकडून आणि कर्नाटकातून पायी येणाऱ्यांचे जथे पौर्णिमेलाच धडकतात. ओटीचा खण, साडी, परडी, कवड्यांची माळ, हळदकुंकू, या सगळ्याला पुन्हा उठाव येतो. त्यानंतर आठवडाभर शांतता आणि मग दिवाळी. त्या वेळचं गिऱ्हाईक वेगळं. ते आजूबाजूच्या गावांतून लेकरांचे कपडे घ्यायला आलेलं असतं.

म्हणजे एकाच दुकानाला एकाच सीझनमध्ये तीन लाटा. २०२६चं कॅलेंडर धरलं, तर पहिली लाट ११ ते २० ऑक्टोबर, म्हणजे घटस्थापना ते दसरा. दुसरी २५ आणि २६ ऑक्टोबर, पौर्णिमेची. तिसरी ६ नोव्हेंबरच्या धनत्रयोदशीपासून १० नोव्हेंबरच्या पाडव्यापर्यंत. ११ नोव्हेंबरला भाऊबीज, आणि खेळ खल्लास.

मग जॉइनिंग कधी? ११ ऑक्टोबरला तर अजिबात नाही. नवीन माणसाला कोणत्या कप्प्यात काय आहे, खणाचे आणि साड्यांचे भाव काय, थान कसं उलगडायचं आणि परत कसं घडी घालायचं, बिल कोण करतं, माल बदलून मागितला तर काय सांगायचं, हे शिकायला निदान पाच-सहा दिवस लागतात. गर्दीच्या पहिल्या दिवशी हे शिकवायला कुणालाच फुरसत नसते. म्हणून जॉइनिंग सोमवार, ५ ऑक्टोबर. शेवटचा दिवस बुधवार, ११ नोव्हेंबर. एकूण अडतीस दिवस. आणि हे शिकण्याचे दिवसही पगारी आहेत, हे जाहिरातीतच लिहायचं. ‘पहिला आठवडा ट्रेनिंग, पगार नंतर’ हा फंडा बऱ्याच ठिकाणी चालतो. पण काउंटरमागे उभं राहून माल काढून दिला, की ते काम झालं. कामाचे पैसे होतात.

ही तारीख एवढी जपायची, त्याला आणखी एक कारण आहे. धाराशिव जिल्हा सोयाबीनचा. काढणी याच सुमारास येते आणि तेव्हा शेतात मजुरी चांगली मिळते. काटगाव किंवा अणदूरकडची मुलगी दुकानात यायचं ठरवते, तेव्हा ती काढणीची मजुरी सोडून येते. दुसरी कुणी कॉलेजची सेमिस्टर परीक्षा आणि दुकान यांची सांगड घालत असते. ‘नवरात्राच्या आसपास या’ असं ऐकून ती घरी बसली आणि दुकानदारानं आठ दिवस उशिरा बोलावलं, तर त्या आठ दिवसांची मजुरी तिची बुडाली. दुकानदाराचं काहीच गेलं नाही. तारीख लिहिली, की ती आधीचे दिवस शेतात घालवू शकते.

महिना भागिले किती?

आता येऊ दुखऱ्या नसेवर. समजा अण्णा शेवटी म्हणाले, ‘महिना पंधरा हजार सहाशे लिही.’ छान! आकडा आला, टेन्शन गेलं. पण खरं टेन्शन इथेच सुरू होतं, कारण हे काम महिन्याचं नाहीच. अडतीस दिवसांचं आहे. मग अडतीस दिवसांचे किती?

गंमत बघा. अडतीस दिवसांत पाच साप्ताहिक सुट्ट्या धरल्या, तर प्रत्यक्ष कामाचे दिवस तेहतीस. नोकरी करणाऱ्या मुलीनं मनात असा हिशेब केलेला असतो : महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस, १५,६०० भागिले २६, म्हणजे रोजचे ६००. तेहतीस दिवसांचे १९,८००. दुकानदाराच्या मनातला हिशेब वेगळा : महिना तीस दिवसांचा, १५,६०० भागिले ३०, म्हणजे रोजचे ५२०. आणि सुट्टीचे दिवस धरायचे नाहीत. तेहतीस दिवसांचे १७,१६०.

फरक २,६४० रुपये. दोघांनीही ‘महिना पंधरा हजार सहाशे’ हेच ऐकलेलं. दोघंही खरं बोलतायत. आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी गल्ल्यापाशी एकमेकांना खोटं ठरवतायत!

तिसाच्या हिशेबातली लबाडी ओळखायला सोपी आहे. महिना तीसनं भागला, तर त्या तीस दिवसांत सुट्ट्या आधीच आलेल्या असतात. मग सुट्टीचेही पैसे द्यायला हवेत. अडतीस गुणिले ५२० करा, १९,७६० येतात, म्हणजे सव्वीसच्या हिशेबाच्या जवळपासच. भागताना सुट्ट्या धरायच्या आणि देताना गाळायच्या, असं केलं की माणसाचं दोनदा कापलं जातं. किमान वेतनाचा महिन्याचा दर रोजावर आणताना साधारणपणे सव्वीसनंच भागतात, ते याचसाठी.

त्यामुळे हंगामी कामाच्या जाहिरातीत महिन्याचा आकडा लिहूच नये. रोजाचा दर लिहावा : कामाच्या प्रत्येक दिवसाला ६०० रुपये. भागाकार नाही, म्हणून भांडण नाही. हा ६०० आकडा आपण उदाहरणाला घेतलाय. खरा आकडा ठरवण्याआधी दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी सरकारनं ठरवलेला किमान वेतनाचा दर बघायचा. तो महापालिका, नगरपरिषद आणि इतर भाग अशा परिमंडळांप्रमाणे आणि कामाच्या कौशल्याप्रमाणे वेगवेगळा असतो. त्यात विशेष भत्ता मिळवावा लागतो आणि तो भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. म्हणून गेल्या दिवाळीचा दर या दिवाळीला चालेलच असं नाही. धाराशिवच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात चालू दर विचारता येतो. आणि ‘आपलं दुकान लहान, आपल्याला कुठला कायदा?’ हे किमान वेतनाला लागू नाही. दुकानात एकच माणूस ठेवला असला, तरी त्याला तेवढे द्यावेच लागतात.

पैसे कधी मिळणार, हेही लिहा. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात हे सरळ सांगितलंय : रोजावरच्या माणसाला पाळी संपताना, आठवड्याच्या हिशेबावर असेल त्याला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, आणि महिन्यावर असेल त्याला पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम संपलं किंवा सोडलं, की राहिलेली रक्कम कामाच्या दोन दिवसांत. आमचं मत विचाराल तर आठवड्याचा हिशेब उत्तम. दुकानदाराला रोज सुट्टे मोजत बसायला नको आणि कामाला आलेल्या पोरीला घरचा बाजार करायला दिवाळी उलटेपर्यंत थांबायला नको. ‘सगळा पगार शेवटी एकदम’ यात दुकानदाराचा हेतू उघड असतो : माणूस मधेच सोडून जाऊ नये. पण याचा अर्थ माणसाची मजुरी ओलीस ठेवणं. टिकवायचंच असेल, तर भाऊबीजेपर्यंत थांबणाऱ्याला वेगळा बोनस जाहीर करा. तो वरचा असतो, मजुरीतला नसतो.

आणि कमिशन? ‘पगार अधिक कमिशन’ वाचायला सॉलिड वाटतं. पण कमिशन कशावर? बिलाच्या रकमेवर की नगावर? परत आलेला माल वजा करून की न करता? एका गिऱ्हाईकाला दोघींनी माल दाखवला, तर नाव कुणाचं लागणार? या प्रश्नांची उत्तरं एका ओळीत लिहिता येत नसतील, तर कमिशन जाहिरातीत घालूच नका. रोजाचा दर थोडा वाढवा.

अकरा ते आठ... आणि मग?

‘वेळ : दुकान बंद होईपर्यंत.’ हे वाक्य ज्यानं शोधलं, त्याला साष्टांग नमस्कार! तुळजापुरात नवरात्रात दुकान कधी बंद होतं, हे देवीलाच माहीत.

आपण तास असे मांडू. साध्या दिवशी सकाळी ११ ते रात्री ८, मधे जेवणाला अर्धा आणि चहाला अर्धा तास. काम आठ तास. गर्दीच्या दिवशी साडेदहा ते नऊ, मधे जेवणाला एक तास आणि चहाला अर्धा तास. काम नऊ तास. म्हणजे एक तास जादा. रोज ६०० आणि काम आठ तास, तर तासाचे ७५. जादा तासाचा दर दुप्पट, म्हणजे १५०.

गर्दीचे दिवस कोणते, हे मघाशीच ठरलंय : दहा, दोन आणि पाच, एकूण सतरा. सुट्ट्या नीट लावल्या, तर पाचपैकी चार शांत दिवसांत बसतात. फक्त एक सुट्टी नवरात्रात येते, कारण १२ ते १८ ऑक्टोबर हा सोमवार ते रविवारचा अख्खा आठवडाच गर्दीचा आहे. म्हणजे गर्दीचे सोळा दिवस काम, सोळा जादा तास, २,४०० रुपये. मूळ १९,८०० अधिक २,४००, एकूण २२,२००. आता अण्णांनाही सीझनआधीच कळलं, की एका माणसामागे खर्च किती. चार माणसं, ८८,८००. एवढा धंदा होणार नसेल, तर चारऐवजी तीन ठेवा. हा विचार सप्टेंबरमध्ये करायचा असतो. ११ नोव्हेंबरला पगारातून कापून नाही.

कायद्याचं बोलायचं, तर महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा जास्त कामगारांच्या दुकानांना तासांचे नियम लावणारा होता : दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही दहाची मर्यादा वीसवर आणि दिवसाचे नऊ तास दहावर नेण्याला मंजुरी दिली. आपल्या अण्णांच्या दुकानात सगळे मिळून सात-आठ माणसं. म्हणजे तासांचा हा भाग त्यांना लागू नाही. मग पाळायचा कशाला? सरळ हिशेब आहे. नवव्या-दहाव्या तासाला काउंटरवरचा माणूस भाव चुकीचा सांगतो, बिलात एक नग कमी लिहितो आणि गिऱ्हाईकावर खेकसतो. विश्रांती दुकानदाराच्याही फायद्याची आहे.

संध्याकाळच्या वेळेला मात्र एक गोष्ट विसरू नका : घरी जायचं कसं? दुकान नऊला सुटलं आणि गावाकडची शेवटची एस.टी. साडेआठला गेली, तर ‘वेळ : साडेदहा ते नऊ’ या ओळीचा त्या मुलीच्या दृष्टीनं अर्थ ‘तुम्ही येऊ नका’ असा होतो. पौर्णिमेला तर सोलापूर रस्ता पायी येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात आणि वाहनं दुसरीकडून वळवतात. नेहमीची गाडी नेहमीच्या रस्त्यानं येतच नाही. त्यामुळे दूरच्या गावच्या माणसांना गर्दीच्या दिवशीही लवकरची पाळी देणार, की दुकानाची गाडी सोडायला जाणार, हे आधीच लिहायचं. २०१७च्या कायद्यातही रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला तिच्या संमतीशिवाय आणि सुरक्षिततेची सोय केल्याशिवाय कामाला ठेवता येत नाही. आपल्या जाहिरातीतले नऊ त्या हिशेबानंही ठीक.

आणि पावसाचं काय? ऑक्टोबरात कसला पाऊस, असं म्हणू नका. २०२५ मध्ये घटस्थापनेच्याच आठवड्यात धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि भूम-परंडा भागात पूर आला. अशा दिवशी कुणाचा रोज बुडतो? सोपी विभागणी करा. दुकानदारानं दुकान बंद ठेवलं किंवा माणूस आल्यावर लवकर घरी पाठवलं, तर पूर्ण रोज मिळणार. माणूस स्वतःच येऊ शकला नाही, तर त्या दिवसाचा रोज नाही, पण कामावरून कमीही करणार नाही. एक ओळ पुरते.

तर मग अण्णा, ही घ्या जाहिरात!

वरचं सगळं मिळून कागद असा होतो. फार मोठा नाही. ए-फोरच्या एका बाजूला मोठ्या अक्षरांत बसतो.

> सणाच्या हंगामासाठी दुकानात माणसे पाहिजेत
>
> दुकान : (नाव आणि पत्ता), तुळजापूर
>
> जागा : ४. काम : माल दाखवणे, घडी घालून जागेवर लावणे, पिशवी भरून देणे. स्त्री-पुरुष दोघांसाठी, पगार सारखाच. वय १८ पूर्ण.
>
> कामाचा काळ : सोमवार, ५ ऑक्टोबर २०२६ ते बुधवार, ११ नोव्हेंबर २०२६. काम तात्पुरते आहे आणि ११ नोव्हेंबरला संपेल.
>
> वेळ : रोज सकाळी ११ ते रात्री ८, मधे एकूण १ तास सुट्टी.
>
> गर्दीचे दिवस (११ ते २० ऑक्टोबर, २५ व २६ ऑक्टोबर, ६ ते १० नोव्हेंबर) : सकाळी १०.३० ते रात्री ९, मधे एकूण दीड तास सुट्टी.
>
> साप्ताहिक सुट्टी : आठवड्याला एक, आळीपाळीने. तारखा ५ ऑक्टोबरला लिहून मिळतील.
>
> पगार : कामाच्या प्रत्येक दिवसाला ६०० रुपये (८ तास). शिकण्याचे दिवस धरून. साप्ताहिक सुट्टीचा वेगळा पगार नाही. जादा तासाला १५० रुपये.
>
> पगाराचा वार : दर शनिवारी. त्या दिवशी सुट्टी असेल तर आदल्या दिवशी. शेवटचा हिशेब १३ नोव्हेंबरपर्यंत.
>
> दुकान बंद ठेवल्यास त्या दिवसाचा पूर्ण पगार. अतिवृष्टीत येता न आल्यास त्या दिवसाचा पगार नाही, पण काम जाणार नाही.
>
> एस.टी.ने येणाऱ्यांना गर्दीच्या दिवशी शेवटच्या गाडीआधी सोडले जाईल. जादा तास तेवढाच धरला जाईल.
>
> भेट : २१ ते २६ सप्टेंबर, दुपारी २ ते ४, दुकानात. आधारची प्रत आणावी. डिपॉझिट किंवा फी घेतली जात नाही. मूळ कागदपत्रे ठेवून घेतली जात नाहीत.

यात ‘साप्ताहिक सुट्टीचा वेगळा पगार नाही’ ही ओळ वाचून काहींचा चेहरा पडेल. पडू द्या. ती ओळ कडू आहे, पण सप्टेंबरमध्ये कडू आहे. तेव्हा ती वाचून कुणी दुसरं काम बघू शकतं. हीच गोष्ट नोव्हेंबरमध्ये कळली असती, तर ती फसवणूक ठरली असती. ‘११ नोव्हेंबरला संपेल’ ही ओळही अशीच. बरीच पोरं ‘चांगलं काम केलं तर कायम करतील’ या आशेवर रक्त आटवतात. अण्णांच्या मनात खरंच एखाद्याला कायम करायचं असेल, तर ते ११ तारखेला बोलावून सांगावं. आशेवर काम करून घेऊ नये.

‘वय १८ पूर्ण’ ही ओळही शोभेची नाही. चौदाच्या खालच्या मुलाला दुकानात नोकरीला ठेवणं गुन्हा आहे. चौदा ते अठरामधल्या मुलाला संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नाही. म्हणजे आपल्या वेळापत्रकात तो बसतच नाही. सुट्टीत कामाला येणाऱ्या अकरावीच्या पोराला म्हणूनच प्रेमानं नाही म्हणायचं. ‘फक्त मुली पाहिजेत, स्मार्ट आणि गोऱ्या’ या थाटाच्या ओळी तर आता विसराच. माल दाखवायला रंग लागत नाही. आणि एकाच कामाला बाई आणि पुरुष असा भेद भरतीत आणि पगारात करायला वेतन संहितेत मनाई आहे.

काचेच्या अलीकडून

तुम्ही दुकानदाराच्या घरचे नसाल, तर कागदाच्या दुसऱ्या बाजूचे असाल. तुमची धाकटी बहीण, मावशीचा मुलगा, कुणीतरी या सीझनला दुकानात, मॉलमध्ये, मिठाईच्या काउंटरवर कामाला लागणार असतं. तिला पाच मिनिटं फोन करा आणि एवढंच विचारा : पैसे रोजावर की महिन्यावर? महिन्यावर असतील, तर भागणार कितीनं? गल्ल्यात पैसे कमी भरले, तर कुणाच्या पगारातून जाणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळ्यांच्या’ असं आलं, तर सावध व्हा. नुकसान कुणाच्या निष्काळजीपणामुळे झालं हे दाखवता आलं, तरच त्या माणसाच्या पगारातून कापता येतं, आणि तेही त्याला बाजू मांडू दिल्यावर. चौघांत वाटून घेणं हा हिशेब नाही.

तिनं कागदाचा एक फोटो काढून ठेवावा. आणि एका साध्या वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात : आलेली वेळ, सुटलेली वेळ, मिळालेले पैसे. दर शनिवारी पैसे घेताना त्या पानावर दुकानदाराची सही घ्यावी. भांडणाच्या वेळी कुणाचा आवाज मोठा यापेक्षा कुणाची वही भरलेली, हे जास्त कामाला येतं. अण्णांसारख्या माणसाला त्या वहीचा रागही येत नाही. त्यांची सगळी जिंदगी वहीतच गेलीय!

हां, अण्णांचा एक आक्षेप राहिलाच. त्यांनी हा कागद वाचला आणि चष्मा वर करून म्हणाले, ‘अरे, एवढं सगळं लिहिलं तर येतंय कोण? आणि शेजारच्या दुकानवाल्यानं वाचलं तर?’

वाचू दे की, अण्णा. त्याच्या काचेवर ‘पगार योग्य’ आहे आणि तुमच्या काचेवर सहाशे. काटगावची पोरगी दोन्ही कागद वाचून कुठल्या दुकानात शिरेल, हे सांगायला एच.आर. लागत नाही.